रात्रीचा पायजमा कंबरेवरून घेऊ नका : आसनाच्या मापाने साईझ कशी ठरवायची

मी घरी शिवणकाम करते. उसवलेले पायजमे आणि नाईट पँट दुरुस्तीला येतात, त्यांतले बहुतेक एकाच जागी गेलेले असतात. मागच्या बाजूला, सीटच्या शिवणीच्या खालच्या टोकाशी. आणणारा म्हणतो, "शिवणच कच्ची होती." शिवण पुष्कळदा पक्की असते. पायजमा कंबरेला बरोबर बसला म्हणून घेतलेला असतो, आणि माणूस कुशीवर वळून पाय पोटाशी घेतो तेव्हा कापड मागे दोन-अडीच इंच कमी पडतं. पॉपलीन ताणत नाही, मग शिवण जाते. होजिअरी असेल तर फाटत नाही, नुसती कंबरेवरून खाली घसरते आणि झोपेतच हात ती वर ओढत बसतो.

पुढच्या कंबरेपासून दोन्ही पायांमधून मागच्या कंबरेपर्यंतचं जे माप इथे कमी पडतं ते आसनाचं. म्हणून दुकानात जाण्याआधी काय मोजायचं, सैल सुती आणि ताणणाऱ्या कापडाला साईझ वेगवेगळी का लागते, आणि घेतलेला पायजमा परत करता येईल अशा बेताने कसा तपासायचा, ते क्रमाने सांगते. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. कापड आधी पसंत करून मग माप काढायला बसलं की माप त्या कापडाच्या बाजूने वाकवलं जातं. हे माझंही झालेलं आहे.

पायरी 1 : तुम्ही झोपता कसे, ते आधी पाहा

झोपताना कसे पडता ते विचारत नाही, सकाळी जाग येते तेव्हा कसे असता ते बघा. दोन-तीन दिवस डोळे उघडल्यावर लगेच हलू नका. गुडघे कुठे आहेत, पायजम्याची मोहरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, कुठे चढली आहे आणि बाजूची शिवण मांडीच्या बाजूलाच आहे की फिरून पुढे आली आहे, एवढं पाहा.

उताणं झोपणाऱ्याला कापडाकडून फार काही लागत नाही. पालथं झोपणाऱ्याला नाडीची गाठ आणि पुढच्या बाजूचं जाड इलास्टिक टोचतं, त्याने गाठ बाजूला येईल असा नेफा घ्यावा किंवा सपाट इलास्टिक घ्यावं. खरी परीक्षा कुशीवर मुटकुळं करून झोपणाऱ्यांची. गुडघे पोटाकडे येतात तसा पाठीच्या खालपासून मांडीच्या मागपर्यंतचा भाग लांबतो, पुढचा भाग मात्र दुमडतो. म्हणजे कापड मागे हवं असतं आणि पुढे उरतं.

कूस बदलण्याचाही विचार करा. रात्रीत दहा-पंधरा वेळा कूस बदलणं अगदी सामान्य आहे, काहीजण त्याहून बरेच जास्त वळतात. वळताना शरीराखाली दबलेलं कापड चादरीला धरून राहतं आणि शरीर त्याच्या आत फिरतं. कापड माफक सैल असेल तर अंग आत सहज फिरतं. फारच सैल असेल तर अंगाखाली घड्या साठतात, पुढच्या वळणाला त्या सुटत नाहीत आणि पाय पिळल्यासारखा होतो. अंगाला धरून असणारं ताणणारं कापड अंगाबरोबरच फिरतं, त्याला पीळ पडत नाही. सैल आणि ताणणारं यातला मोठा फरक हाच आहे. मऊपणा त्यानंतर येतो.

पायरी 2 : चार मापं, तीही बसून

उभं राहून काढलेली मापं ऑफिसच्या पँटला चालतात. झोपायच्या कपड्याला बसलेल्या अंगाची मापं लागतात. मापपट्टी घ्या आणि अंगावर पातळ कपडे ठेवा. कंबरेला एक नाडी बांधा. ती नेहमीच्या कंबरेवर बांधायची नाही, रात्री नेफा जिथे ठेवता तिथे बांधायची. बहुतेकांचा नेफा रात्री बेंबीच्या दोन बोटं खाली असतो.

पहिलं माप कंबरेचं. जेवल्यावर, त्या नाडीच्या जागी घ्या. सकाळी उपाशीपोटी घेतलेलं माप रात्री खोटं ठरतं.

दुसरं सीटचं. पलंगावर किंवा जमिनीवर मांडी घालून बसा आणि सीटचा सगळ्यात रुंद भाग धरून टेप फिरवा. उभ्या मापापेक्षा हे माप दोन-तीन इंचांनी जास्त येतं. हाच आकडा लिहून ठेवा.

तिसरं माप आसनाचं, आणि हेच सगळे सोडून देतात. पुढच्या नाडीपासून टेप दोन्ही पायांमधून मागच्या नाडीपर्यंत न्या. पुढचं टोक बोटाने घट्ट धरा, मागचं टोक हातात सैल ठेवा आणि उकिडवे बसा. बसताना टेप मागून सरकू द्या. पूर्ण बसल्यावर मागच्या नाडीपाशी जो आकडा येईल तो तुमचा झोपेतला आसनाचा आकडा. उभ्याने 26 असेल तर उकिडवं बसल्यावर 28 ते 29 येतं.

चौथं पोटरीचं, सगळ्यात जाड जागी. गुडघा वाकला की मोहरी वर सरकते आणि पोटरीवर येते. मोहरी तिथे अडकली तर पायजमा गुडघ्यावर ताणला जातो. ताणत नाही अशा कापडाची मोहरी पोटरीपेक्षा दीड-दोन इंच जास्त हवी. ती वीस इंचांच्या वर गेली की मात्र रात्री सरळ गुडघ्यापर्यंत चढते, थंडीत ते नको होतं.

*तपासा : नाडी बसताना खाली सरकली असेल तर आसनाचं माप कमी आलेलं असतं. दोनदा मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा मोजा.*

उकिडवं बसता येत नसेल, गुडघे दुखत असतील, तर खुर्चीच्या कडेवर बसून छाती मांडीकडे झुकवा. आकडा थोडा कमी येतो, त्यात अर्धा इंच मिळवा.

पायरी 3 : कापड हातात घेऊन ताणून पाहा

दुकानात "कॉटन" हा एकच शब्द तीन वेगळ्या कापडांना वापरतात, सगळा घोळ तिथे सुरू होतो.

एक म्हणजे मागावर विणलेलं सुती कापड: पॉपलीन, केंब्रिक, मलमल, हातमागाचं जाडंभरडं. उभा आणि आडवा असे दोन धागे एकमेकांत गुंतलेले असतात. हे कापड उभं-आडवं ताणतच नाही, थोडंफार तिरकं ओढलं तरच देतं. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर निघणारं पॉपलीन, केंब्रिक या जातीचं. त्यात हवा खेळते, घाम शोषला जातो. पण माप चुकलं तर ते अजिबात सांभाळून घेत नाही.

दुसरं होजिअरी, म्हणजे बनियन-टी शर्टाचं कापड. तिरुपूरचा माल बहुतेक हाच. त्यात एकच धागा फासे घालत जातो, म्हणून ते ताणतं. मात्र आडवं भरपूर आणि उभं फार थोडं. ताणल्यावर ते पुरतं परतही येत नाही, म्हणून महिनाभरात गुडघ्यांना फुगे येतात.

तिसरं लायक्रा मिसळलेली होजिअरी. लेबलवर कॉटन 95 आणि इलास्टेन किंवा स्पॅन्डेक्स 5 टक्के असं काहीसं लिहिलेलं असतं. यातलं चांगलं कापड उभं-आडवं दोन्हीकडे ताणतं आणि परत येतं. दुकानदार त्याला फोर-वे म्हणतो. त्याच्या शब्दावर जाऊ नका, ताणून पाहा.

चाचणी अशी. पायजम्याच्या मांडीच्या जागी दोन चिमट्यांत 4 इंच कापड धरा. आधी आडवं ओढा. जोर लावायचा नाही, सहज जेवढं येईल तेवढंच. किती इंच झालं ते टेपवर वाचा. मग तेच कंबरेकडून मोहरीकडे, म्हणजे उभं ओढा. सोडून द्या, मनात तीसपर्यंत मोजा आणि परत 4 इंचांवर आलं का पाहा. पाव इंच सैल राहिलं तर ते कापड गुडघ्याला फुगणार.

आता यात मुख्य मुद्दा आहे. मुटकुळं करून झोपणाऱ्याला कापड लागतं ते मागे, उभ्या दिशेने. साधी होजिअरी ताणते आडवी. त्यामुळे दुकानात पोटाशी ताणून "बघा किती देतं" म्हणून दाखवलेल्या कापडाचा त्याला रात्री काडीचाही उपयोग नसतो. नेफा मागून खाली येतो, पाठ उघडी पडते, आणि माणूस समजतो इलास्टिक सैल आहे. मग तो इलास्टिक घट्ट करून आणतो आणि सकाळी कंबरेवर लाल पट्टा घेऊन उठतो. मूळ दोष आसनाच्या उंचीत असतो.

*सावधान : दिवसाची लेगिंग रात्री घालू नका. ती उभ्या अंगाला घट्ट बसावी म्हणून कापलेली असते. रात्रभर जांघेत आणि गुडघ्यामागे दाब राहतो, घामही तिथेच अडकतो.*

पायरी 4 : अक्षर सोडा, पायजमा मोजा

एका दुकानाचा एल दुसऱ्याचा एक्सएल असतो. लेबलवर सेंटिमीटरचा आकडा असेल तर तो अंगाचा आहे की कपड्याचा, हे विचारा. 2.54 ने भागला की इंच मिळतात. खात्री करायची तर पायजमा काउंटरवर पसरून स्वतः मोजा. ऑनलाइन घेत असाल तर आलेला पायजमा घरी असाच मोजा, अंगात घालण्याच्या आधी.

सीट : आसनाच्या टोकापासून दोन-तीन इंच वर, सपाट पसरलेल्या पायजम्याची रुंदी घ्या आणि दुप्पट करा.

आसन : पुढच्या नेफ्याच्या वरच्या कडेपासून शिवणीशिवणीने टेप खाली नेऊन मागच्या नेफ्याच्या वरच्या कडेपर्यंत. इलास्टिक ताणायचं नाही.

पाठीची उंची : पायजमा मध्यावर असा दुमडा की एक पाय दुसऱ्यावर येईल आणि दोन्ही सीट-शिवणी एका बाजूला पुढे, एका बाजूला मागे दिसतील. मागचा नेफा पुढच्यापेक्षा दीड ते अडीच इंच वर असायला हवा. स्वस्त मालात पुढचं-मागचं कापड एकावर एक ठेवून एकाच फर्म्याने कापतात, दोन्ही सारखे येतात. असा पायजमा उभ्याने छान दिसतो आणि कुशीवर झोपलं की पाठ सोडतो. आपल्या जुन्या सरळ पायजम्यातही दोन्ही बाजू सारख्याच असतात, पण त्याचं आसन इतकं खोल आणि घेर इतका मोठा की ते निभावून जातं.

आता मापांशी ताळा. ताणत नाही अशा सुती पायजम्याची सीट बसलेल्या मापापेक्षा 2 ते 4 इंच जास्त हवी, आसन उकिडव्या मापापेक्षा किमान 1 इंच जास्त. सीट सहा इंचांहून जास्त सैल असेल तर वळताना घड्या पडणार.

ताणणाऱ्या कापडाला माझा हिशेब वेगळा आहे. हाताने ताणून जेवढं वाढलं त्याच्या निम्मंच धरायचं, आणि तेवढ्याने ते बसलेल्या आणि उकिडव्या मापाला पुरलं की झालं. पूर्ण ताण धरला तर कापड रात्रभर ओढलेल्या अवस्थेत राहतं आणि अंगावर दाबतं.

*नेहमीची चूक : "झोपायचाच आहे, एक साईझ मोठा घेऊ." अक्षर एक वाढलं की घेर साधारण 2 इंच वाढतो, आसन मात्र अर्धा-पाऊण इंचच. म्हणजे जिथे लागत नव्हतं तिथे कापड येतं आणि जिथे हवं होतं तिथे येत नाही. वर लांबीही वाढते, आणि रात्री अंधारात बाथरूमला उठणारा म्हातारा माणूस मोहरीवर पाय देऊन पडतो.*

एक हिशेब पुरता करून पाहू

माझ्या नणंदेचंच उदाहरण घेते. नेफ्याच्या जागी कंबर 34. सीट उभ्याने 42, मांडी घालून 45. आसन उभ्याने 26, उकिडवं 29. पोटरी 14. झोप कुशीवर, गुडघे थेट पोटाशी. तिच्याकडे तीन पर्याय होते.

पहिला, तयार पॉपलीन पँट. तिने कंबरेवरून एल आणली होती: सीट 44, आसन साडेसव्वीस. सीट एक इंच कमी, आसन तर अडीच इंचांनी कमी. ती दोन आठवड्यांत मागे उसवली. मग डबल एक्सएल आणली. सीट 48 झाली, हवी तेवढी. आसन मात्र अठ्ठावीस, तिला हवं होतं 30. मोहरी 22 झाली आणि लांबी तीन इंच जास्त. ती फाटली नाही, पण सकाळी उठायची तेव्हा दोन्ही मोहऱ्या गुडघ्यावर आणि नेफा पाठीवरून खाली घसरलेला.

दुसरा, साधी होजिअरी. सीट 40, आसन 26. आडवं 4 इंचांचं 6 होत होतं, म्हणजे निम्मं धरलं तरी 4 चं 5, त्या हिशेबाने सीट 50 पर्यंत जाते. 45 ला भरपूर. उभं मात्र 4 चं सव्वाचार. निम्मं धरलं तर 26 चं पावणेसत्तावीस-सत्तावीसच होतं. दोन इंच कमीच.

तिसरा, लायक्रावाली. सीट 40, आसन तेच 26. उभं 4 चं पावणेपाच आलं. निम्मं धरून 26 चं साधारण साडेअठ्ठावीस. अर्धा इंच कमी, पण मागचा नेफा दोन इंच वर कापलेला होता, म्हणून चाललं. बघा, दोन्ही होजिअरींची साईझ एकच, आकडे एकच, आणि झोप वेगळी.

शेवटी मी तिला पॉपलीनचा शिवूनही दिला. कापड आधी भिजवून आटवलं. सीट 48, आसन 30, मागचा नेफा अडीच इंच वर, मोहरी 16. एप्रिल-मेच्या उकाड्यात ती तोच घालते, कारण लायक्रावाली मांडीला चिकटते. डिसेंबरात लायक्रावाली. शिंप्याकडे देणार असाल तर त्याला फक्त "सैल शिवा" म्हणू नका. तो घेर वाढवील. "आसन उकिडव्या मापाला एक इंच वाढवून, पाठ अडीच इंच वर" असं सांगा आणि आकडे कागदावर लिहून द्या.

पायरी 5 : लेबल न काढता चाचणी

पायजमा धुतला की परत होत नाही, म्हणून ही चाचणी आधी. स्वच्छ चादरीवर, लेबल तसंच ठेवून, जेवण झाल्यावर करा. आरशासमोर उभं राहून काहीच कळत नाही.

आधी उकिडवे बसा. मागे नेफा किती घसरला ते बोटांनी मोजा. दोन बोटांपेक्षा जास्त घसरला तर आसन कमी आहे. मग कुशीवर पडून गुडघे पोटाशी घ्या आणि सीटची शिवण चाचपा. ती तारेसारखी ताठ लागली तर पॉपलीन असल्यास उसवणार. तशाच अवस्थेत दुसऱ्या कुशीवर वळा, परत या, असं चार-पाच वेळा करा आणि हात न लावता थांबा. बाजूची शिवण मांडीच्या पुढच्या मध्यापर्यंत फिरली असेल तर पायजमा तुम्हाला जास्त सैल आहे. शेवटी उताणं पडून एक गुडघा उभा करा. मोहरी पोटरीवर अडते की मोकळी सरकते ते पाहा.

वरच्या कपड्याची चाचणी छोटी आहे. दोन्ही हात डोक्याखाली घेऊन पडा. पोट उघडं पडलं तर लांबी कमी आहे, काखेत ओढ बसली तर मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, कमी आहे. गाऊन घालणाऱ्यांनी गुडघे पोटाशी घेऊन पाहावं. घेर कमी असला की तो मांड्यांना बांधल्यासारखा होतो.

पायरी 6 : आटण्याचा हिशेब आणि पहिल्या तीन सकाळी

आधी न आटवलेलं सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत उभ्या दिशेने 3 ते 5 टक्के आटू शकतं, साधी होजिअरी त्याहूनही जास्त. 38 इंच लांबीला 5 टक्के म्हणजे जवळजवळ 2 इंच. आसनही उभ्याच दिशेने असल्याने 30 चं साडेअठ्ठावीस होतं. म्हणून नवीन पायजम्याची ताळ्यात बसलेली मापं जेमतेम असतील तर तो घेऊ नका, किंवा प्री-श्रंक लिहिलेला घ्या. नवीन कोऱ्या पायजम्याची मोहरी घोट्याच्या हाडाखाली इंचभर आली तर ते बरोबर आहे, धुतल्यावर ती हाडाशी येते. होजिअरी दोरीवर नेफ्याकडून टांगून वाळवली की पाण्याच्या वजनाने लांबते. मधोमध दुमडून टाकावी.

धुतल्यावर तीन रात्री घाला आणि रोज सकाळी एकच गोष्ट पाहा: कंबरेवरची खूण. हलकी वळी असेल आणि दात घासून होईपर्यंत गेली तर ठीक. अर्धा तास राहत असेल, खाजत असेल, तर इलास्टिक घट्ट आहे. नेफा उसवून इलास्टिक इंचभर सोडता येतं, बहुतेक पायजम्यांत ते वेगळं घातलेलं असतं. ज्यात इलास्टिक कापडासकट तीन-चार टिपांनी शिवून टाकलेलं असतं त्यात हे काम होत नाही. तिथे एकच उपाय, मधल्या टिपा उसवून इलास्टिक काढून नाडी ओवणं. इलास्टिक कसं शिवलं आहे ते धुण्याआधी, दुकानात परत करण्याच्या मुदतीतच पाहून ठेवा.